वारा कुठून येईल? समदाब रेषांचा नकाशा वाचताना

२ जून २०२० च्या संध्याकाळी बहुतेकांच्या फोनवर एकच चित्र फिरत होते. अरबी समुद्रात एक L, त्याच्याभोवती कांद्याच्या चकतीसारखी वर्तुळे आणि अलिबागच्या दिशेने रोखलेला बाण. निसर्ग चक्रीवादळ दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर यायचे होते. दापोलीजवळ समुद्राला लागून माझ्या मामांची नारळी-पोफळीची वाडी आहे. मामांचा फोन आला. वादळ किती मोठे, किती वाजता, असले काही त्यांनी विचारले नाही. "वारा कुठून येईल तेवढं सांग. डोंगराकडून की समुद्राकडून?"

प्रश्न नेमका होता. वारा डोंगराकडून आला तर घराची मागची बाजू सांभाळायची, समुद्राकडून आला तर पुढची पडवी, आणि पाणी आत येण्याची धास्ती वेगळीच. याचे उत्तर बाणात नव्हते. बाण वादळ कुठे जाणार ते सांगतो, वारा कुठून येणार ते नाही. उत्तर त्या वर्तुळांत होते, आणि ती कोणी वाचत नव्हते.

ती वर्तुळे म्हणजे समदाब रेषा. जुन्या पाठ्यपुस्तकांत त्यांना समभार रेषाही म्हणत. एका रेषेवरच्या सगळ्या ठिकाणी हवेचा दाब सारखा असतो, एवढाच तिचा अर्थ. किल्ल्यांच्या वाटा शोधताना ज्यांनी समोच्च रेषांचे नकाशे पाहिले आहेत त्यांना हे लगेच पटेल. तिथे रेषा उंचीच्या असतात, इथे दाबाच्या. H म्हणजे दाबाचा डोंगर, L म्हणजे खळगा. रेषा जवळजवळ आल्या की उतार खडा, दूर गेल्या की पठार.

दाब मोजतात हेक्टोपास्कलमध्ये. मिलिबार म्हणजेही तेच, आकडा बदलत नाही. समुद्रसपाटीला तो सरासरी १०१३ असतो. आता गंमत अशी की पुण्यात नुसता वायुभारमापक वाचला तर तो ९४५ ते ९५० दाखवतो. हा आकडा समुद्रावर दिसला तर ते महाभयंकर वादळ ठरेल. पुण्यात मात्र त्याचा अर्थ इतकाच की गाव ५६० मीटर उंचीवर आहे आणि तेवढी हवा पायाखाली राहिली. म्हणून नकाशा काढण्याआधी प्रत्येक केंद्राचा दाब 'ते गाव समुद्रसपाटीला असते तर किती असता' असा हिशेब करून बदलतात. तसे केले नाही तर नकाशावर हवामान दिसणारच नाही, नुसता सह्याद्री दिसेल.

आणखी एक गोष्ट आधी पाहून घ्यावी : दोन रेषांमध्ये किती दाबाचा फरक धरला आहे. आपल्या हवामान खात्याच्या नकाशांवर रेषा २ हेक्टोपास्कलच्या अंतराने असतात, युरोपातल्या नकाशांवर बहुधा ४ च्या. दोन्ही शेजारी ठेवून 'तिकडे रेषा विरळ आहेत' म्हटले तर फसगत ठरलेली.

वारा उताराला सरळ का जात नाही

पाणी डोंगरावरून खळग्याकडे सरळ उतरते. हवाही जास्त दाबाकडून कमी दाबाकडे निघते, पण पृथ्वी फिरत असल्यामुळे आपल्या उत्तर गोलार्धात ती उजवीकडे वळत जाते. वळता वळता अशी वेळ येते की दाबाचा ओढा एकीकडे आणि हे वळण दुसरीकडे, दोघांचा तोल साधतो. तेव्हा वारा रेषा ओलांडायच्या ऐवजी जवळजवळ रेषेला धरूनच वाहायला लागतो.

यावरून बाइज बॅलट या डच हवामानतज्ज्ञाने १८५७ मध्ये एक सोपा नियम मांडला. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. उत्तर गोलार्धात कमी दाब तुमच्या डाव्या हाताला असेल. नकाशावर हाच नियम उलटा वापरायचा : रेषेवर बोट ठेवा आणि L डाव्या हाताला राहील अशा दिशेने बोट सरकवा. बोट जिकडे चालले तिकडे वारा चालला. L भोवती असे फिरलात तर बोट घड्याळाच्या उलट फिरते आणि H भोवती घड्याळासारखे.

यात एक दुरुस्ती करावी लागते. जमिनीलगतचा वारा झाडे, घरे, लाटा यांना घासत जातो, त्यामुळे त्याचा वेग कमी होतो आणि वळणही तेवढे उरत नाही. मग दाबाचा ओढा थोडा वरचढ ठरतो आणि वारा रेषेला तिरका होऊन L कडे झुकतो. समुद्रावर हा झुकाव साधारण १० ते २० अंश, जमिनीवर ३० अंश किंवा जास्तही. म्हणून बोट रेषेवरून सरकवायचे आणि थोडेसे आत, L च्या बाजूला, कलवायचे. L कडे अशी सगळीकडून हवा गोळा होते, तिला जायला वर सोडून जागा नसते, आणि वर गेलेली हवा गार होऊन ढग धरते. H खाली उलटे होते. हवा वरून खाली बसते, तापते, ढग विरतात. डिसेंबर-जानेवारीत वायव्य भारतावर H बसला की त्याच्या कडेने फिरून उत्तरेचा, ईशान्येचा कोरडा वारा महाराष्ट्रात उतरतो आणि निरभ्र रात्री नाशिक-निफाडकडचे द्राक्षबागायतदार शेकोट्या पेटवायच्या तयारीला लागतात.

रेषा किती जवळ

दिशा कळली की जोर. रेषा जितक्या दाट तितका वारा जास्त, हे सगळ्यांना ठाऊक असते. कमी लोकांना ठाऊक असते ते असे, की तेवढ्याच दाट रेषा आपल्याकडे आणि युरोपात सारखा वारा देत नाहीत. वळवण्याचा परिणाम विषुववृत्ताकडे क्षीण होत जातो. क्षीण वळणाने दाबाच्या ओढ्याशी तोल साधायचा तर वाऱ्याला जास्त वेगाने पळावे लागते. समजा सरळ रेषा आहेत आणि दर २०० किलोमीटरला २ हेक्टोपास्कलचा फरक आहे. लंडनच्या अक्षांशावर हिशेबाने ताशी २५ किलोमीटरच्या आसपास वारा येतो. कोकणच्या अक्षांशावर तेवढ्याच रेषांना ताशी ६५ ते ७० येतो. हे उत्तर घर्षणावाचूनचे आहे. प्रत्यक्षात समुद्रावर त्याच्या दोन-तृतीयांश धरावा, जमिनीवर निम्मा किंवा त्याहूनही कमी. तरी अडीचपटीचा फरक राहतोच. म्हणून आपल्या नकाशावर चार रेषा विरळ दिसल्या तरी त्यांना हलके घेऊ नये.

केरळच्या खाली, विषुववृत्ताजवळ, तर हे गणितच मोडते. तिथे वळण इतके थोडे असते की वारा आणि रेषा यांचे नाते सुटते. त्यामुळे त्या पट्ट्यात जाणकार दाबाच्या रेषांपेक्षा थेट वाऱ्याच्या प्रवाहरेषा पाहतात.

रेषा मोजण्याचा आणखी एक उपयोग बातम्या वाचताना होतो. 'कमी दाबाचे क्षेत्र', 'अवदाब', 'तीव्र अवदाब', 'चक्रीवादळ' हे शब्द बातमीदार आलटून पालटून वापरतात, पण ते मोजून ठरलेले आहेत. २ हेक्टोपास्कलच्या अंतराने काढलेली एक बंद रेषा असेल तर कमी दाबाचे क्षेत्र. दोन असतील तर अवदाब, तीन असतील तर तीव्र अवदाब, चार किंवा जास्त असतील तर चक्रीवादळ. वाऱ्याच्या वेगाच्या मर्यादाही असतात (चक्रीवादळाला ताशी ६२ किलोमीटरपासून पुढे), आणि समुद्रावर मुख्यतः त्याच पाहतात. पण हातात नकाशा असेल तर रिंगा मोजून आपण नाव आधी सांगू शकतो. मला यात अजूनही लहान मुलासारखी मजा येते.

L दिसला म्हणजे पाऊस नव्हे

इथे बहुतेकांची गाडी रुळावरून घसरते. जुलैचा भारताचा नकाशा काढा. सगळ्यात खोल L कुठे सापडेल? चेरापुंजीला नाही, कोकणात नाही. तो असतो पाकिस्तान आणि पश्चिम राजस्थानवर, ९९४-९९६ च्या आसपास, आणि तिथे पाऊस नावाला. कारण तो L तापलेल्या वाळवंटाने केलेला आहे. तो उथळ असतो, साधारण दीड किलोमीटर उंचीपर्यंतचा. त्याच्या वर कोरडी हवा खाली बसत असते. खालून हवा उठते, वरचे झाकण काही उघडत नाही.

मग त्या L चा आपल्याला उपयोग काय? तो वारा ओढतो. दूर दक्षिणेला, मादागास्करच्या आग्नेयेला, हिंदी महासागरात मोठा H असतो. राजस्थानातल्या L पासून बंगालच्या उपसागरापर्यंत कमी दाबाची एक लांब घळ पडते, तिला मान्सूनचा आस म्हणतात. उत्तरेला कमी दाब, दक्षिणेला जास्त, त्यामुळे महाराष्ट्रावरच्या रेषा साधारण पश्चिम-पूर्व आडव्या पडतात. बोटाचा नियम लावा. L डाव्या हाताला, म्हणजे उत्तरेला, ठेवायचा तर बोट पूर्वेकडे सरकते. समुद्रावरून पश्चिमेचा वारा येतो, सह्याद्रीला सरळ भिडतो, वर चढतो आणि कोकण-घाटमाथ्यावर कोसळतो. पाऊस L खाली पडला नाही, L ने पाठवलेल्या वाऱ्याच्या वाटेत डोंगर आला तिथे पडला.

म्हणून मी पावसाळ्यात L नंतर पाहतो. आधी केरळपासून गुजरातपर्यंत किनाऱ्याला किती रेषा कापतात ते मोजतो. चार-पाच आडव्या रेषा दाटीने असतील तर पश्चिमेचा वारा जोरात आहे. एक-दोनच विखुरलेल्या असतील तर घाटातही उघडीप. त्यातच किनाऱ्यालगत रेषांना समुद्राच्या बाजूने दक्षिणेकडे बाक आला असेल, बातमीत ज्याला 'किनाऱ्यालगतचा कमी दाबाचा पट्टा' म्हणतात तो, तर जोर आणखी वाढतो.

दुसरी नजर टाकायची ओडिशाच्या किनाऱ्यावर. तिथे बंगालच्या उपसागरातून एखादा L चढला की तो बहुधा आसाच्या वाटेने पश्चिम-वायव्येला, छत्तीसगड-मध्य प्रदेशाकडे सरकतो. त्याच्या दक्षिणेच्या रेषा आपल्याकडच्या आडव्या रेषांवर दाटी करतात आणि अरबी समुद्रावरचा वारा खेचला जातो. अशा प्रणालीचा सर्वात जोरदार पाऊस तिच्या नैर्ऋत्य बाजूला पडतो. म्हणजे L छत्तीसगडवर असताना छत्री विदर्भाने उघडायची, आणि त्याच सुमारास हजार किलोमीटरवरचा घाटमाथाही भिजतो. उलट मान्सूनचा आसच हिमालयाच्या पायथ्याला जाऊन बसला तर आपल्या रेषा विरळ होतात आणि पेरण्या झालेला शेतकरी आभाळाकडे बघत राहतो.

आकडा नव्हे, आकड्यातला फरक

हल्ली बऱ्याच फोनमध्ये दाब मोजणारा संवेदक असतो. तो बघून घाबरणारे मला नेहमी भेटतात. "सकाळी १०ला होता त्यापेक्षा दुपारी ४ला तीन-चारने उतरला, काहीतरी येतंय." काही येत नसते. आपल्या उष्ण पट्ट्यात हवेचा दाब रोज दोनदा भरती-ओहोटीसारखा हलतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमाराला वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमाराला खाली, आणि चढउतार तीनेक हेक्टोपास्कलचा. म्हणजे एका-दीड समदाब रेषेएवढा. म्हणून सकाळी साडेआठच्या नकाशाशी दुपारी साडेपाचचा नकाशा ताडून पाहू नये. आज साडेआठची तुलना काल साडेआठशीच. हवामान खातेही २४ तासांतला बदल वेगळा नकाशा काढून पाहते. तिथे कोकण किनाऱ्यावर दाब तीन-चारने घसरलेला दिसला तर मात्र ते खरे घसरणे.

आणि रेषा अगदीच विरळ असतील, मार्च-एप्रिलमध्ये असतात तशा, तर नकाशा मिटून ठेवावा. तेव्हा दिवसाचे खारे वारे आणि रात्रीचे मतलई वारेच खरे. जमीन आणि पाणी यांच्या तापण्यातल्या फरकाचा हा खेळ किनाऱ्यापुरता असतो, देशभराच्या नकाशाच्या जाळीतून तो निसटतो.

३ जूनची सकाळ

आता मामांचा प्रश्न. निसर्गच्या मध्याचा दाब ९८४ च्या आसपास पोचणार होता आणि भोवताली साधारण हजार. म्हणजे २ च्या अंतराने आठेक बंद रिंगा, त्याही लहानशा घेरात दाटलेल्या. नाव काय द्यायचे याचा प्रश्नच उरला नव्हता. प्रश्न होता बाजूचा.

नकाशावर मी अंदाजाच्या बाणावर तीन ठिकाणी L ठेवून पाहिला. पहिले, भल्या सकाळी, केंद्र समुद्रात, दापोलीच्या पश्चिमेला थोडे खाली. दापोलीतून जाणाऱ्या रिंगेवर बोट ठेवले आणि L डावीकडे राहील असे सरकवले. ते उत्तर-वायव्येकडे निघाले. थोडे आत कलवले तर वायव्येकडे. वारा ओळखतात तो जिकडून येतो त्या दिशेने, म्हणजे आग्नेयेचा. डोंगराकडून. दुसरे, केंद्र वायव्येला आल्यावर : बोट ईशान्येकडे, आत कलवून उत्तरेच्या बाजूला. वारा दक्षिणेचा, जरा नैर्ऋत्येकडे झुकलेला. तिसरे, केंद्र श्रीवर्धनजवळ जमिनीला टेकताना, म्हणजे दापोलीच्या जवळजवळ उत्तरेला. आता वारा नैर्ऋत्येचा. सरळ समुद्रावरून.

मी मामांना सांगितले, "सकाळी डोंगराकडून येईल, मग दक्षिणेकडून, आणि दुपारी समुद्राकडून. दुपारचा सगळ्यात वाईट."

दुपारचा वाईट का, तेही नकाशावरूनच दिसते. वादळ ईशान्येकडे चालले होते. त्याच्या वाटेच्या उजव्या बाजूला वाऱ्याची दिशा आणि वादळाची चाल एकाच अंगाला पडते, म्हणून दोन्ही वेगांची बेरीज. डाव्या बाजूला वजाबाकी. शिवाय उजव्या अंगाचा वारा समुद्राचे पाणी किनाऱ्यावर ढकलतो. दापोली-मंडणगड उजवीकडे होते, मुंबई डावीकडे.

मुंबईतल्या मावशीसाठी मी तेच बोट पुन्हा फिरवले. केंद्र नैर्ऋत्येला असताना पूर्वेचा वारा, आग्नेयेला गेल्यावर उत्तरेचा, पुढे निघून गेल्यावर वायव्येचा. दापोलीत वारा घड्याळाच्या दिशेने फिरणार, मुंबईत उलट. खलाशी हे नकाशाशिवायही ओळखत. उत्तर गोलार्धात वादळात वारा उजवीकडे फिरत चालला तर तुम्ही वाटेच्या उजव्या, वाईट बाजूला आहात. डावीकडे फिरला तर डाव्या. अजिबात न फिरता नुसता वाढतच गेला तर तुम्ही थेट वाटेत आहात. मग मध्ये अवचित शांतता पसरेल, आणि थोड्या वेळाने वारा बरोबर उलट बाजूने येईल. त्या शांततेत बाहेर पडणारे सापडतात.

३ जूनला दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धनच्या पट्ट्यात जमिनीवर आले. वारे ताशी ११० ते १२० किलोमीटर, झोत १३० पर्यंत. मुंबई पुष्कळ हलक्यात सुटली. मामांचा फोन अकरानंतर लागला नाही, आणि मग बरेच दिवस लागलाच नाही.

रस्ता मोकळा झाल्यावर वाडीत गेलो. मामा पायरीवर बसले होते. घराची कौले उडाली होती, भिंती उभ्या होत्या. पोफळी मात्र जवळजवळ सगळ्या आडव्या. "सकाळी डोंगराकडून होता तेव्हा झाडं नुसती डोलत होती," मामा म्हणाले. "जेवायच्या वेळेला वारा वळला." ते हाताने दाखवत होते, पण दाखवायची गरज नव्हती. एकूण एक पोफळीचे मूळ समुद्राच्या बाजूला आणि शेंडा ईशान्येला, डोंगराकडे होता.